बोअरच्या पाण्याने दातांवर पडलेले तपकिरी डाग: घासून जातात, की व्हिनीअरच लावावे लागतात?

तुरीचं_शेत

नमस्कार मंडळी. माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यात. पाणी बोअरचं, फ्लोराइडचं. आमच्या गावात माझ्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांचे दात असेच आहेत, त्यामुळे पुण्याला येईपर्यंत त्यात काही वेगळं आहे असं वाटलंही नव्हतं. इथे नोकरीच्या मुलाखतीत एका बाईंनी आडून आडून विचारलं, तंबाखू वगैरे खातेस का.

वरच्या पुढच्या दोन्ही दातांवर मधोमध आडवा तपकिरी पट्टा आहे. बाजूच्या दातांवर खडूसारखे पांढरे ढग, आणि त्यातल्या डावीकडच्या दाताच्या कडेला टाचणी रुतेल एवढा खड्डा. खालचे पुढचे दात बरे आहेत, नुसत्या बारीक पांढऱ्या रेघा. कीड म्हणाल तर एकाही दाताला नाही.

एका दवाखान्यात स्केलिंग केलं, काडीचा फरक पडला नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी दहा दातांना सिरॅमिक व्हिनीअर, म्हणजे दात थोडा घासून त्यावर चिकटवायची पातळ आवरणं, सांगितलेत, दीड लाख रुपये. वय २६. दहा दात घासून घ्यायला मन धजत नाही. दुसरा मार्ग कुणी अनुभवलाय का?

अजून एक. माझ्या बहिणीचं बाळ गावीच आहे, १४ महिन्यांचं. त्याचे दुधाचे दात पांढरेशुभ्र आले आहेत. म्हणजे ते सुटलं असं समजायचं का?

निवांत_नाना

ताई, लिंबू आणि खायचा सोडा. आठवड्यातून दोनदा. माझे दात आजही मोत्यासारखे आहेत.

(दोन पडलेत, पण ते सायकलवरून.)

बोअरवाला

नाना, तुमचे पडलेले दोन तरी खात्रीने पांढरे राहिले असतील.

ताई, आमच्याकडे किनवट भागातही हीच गत. आमच्या वाडीत नवीन बोअर झाली तेव्हा लोक खूश होते. पाणी गोड, डाळ एका वाफेत शिजते, साबणाला फेस येतो. जुन्या विहिरीचं पाणी जड, डाळ शिजता शिजत नाही. सगळ्यांनी विहीर सोडली. पुढे पोरांचे दुधाचे दात पडून नवे आले ते असे. मग झेडपीने पाणी पिऊ नका म्हणून हातपंपाला लाल रंग फासला, पण ओढा सगळ्यांचा तिकडेच.

दंतकथा

मी दंतवैद्य आहे, फ्लोरोसिसचे, म्हणजे फ्लोराइडने बिघडलेल्या दातांचे, रुग्ण बरेच पाहते. नाना, लिंबू-सोडा कृपा करून कुणाला सांगू नका. लिंबाने एनॅमल, म्हणजे दातावरचं टणक कवच, विरघळतं, डाग जागेवरच राहतो आणि वर दात शिवशिवायला लागतात.

तुरीचं_शेत, फोटो न बघता निदान करणं बरोबर नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन फार नेमकं आहे. दोन गोष्टी विचारते. पट्टा दोन्ही दातांवर एकाच उंचीवर आहे का? आणि घरात मोठं भावंड असेल तर त्यांचे दात कसे आहेत?

तुरीचं_शेत

हो डॉक्टर, अगदी एका रेषेत. पट्टी ठेवून ओढल्यासारखा.

मोठी बहीण सहा वर्षांनी मोठी. तिचे पुढचे दात एकदम साफ! लहानपणी मला याचा फार राग यायचा, वाटायचं ती नीट घासते आणि मी नाही. आमची बोअर माझ्या जन्माच्या आगेमागे झाली, त्याआधी विहीर होती.

दंतकथा

बहिणीला तोंड उघडायला सांगून अगदी मागची दाढ बघा, अक्कलदाढेच्या अलीकडची. त्यावर खडूसारखे पांढरट डाग दिसायची दाट शक्यता आहे.

कारण असं. कायमचा पुढचा दात हिरडीतून वर येतो सहा-सात-आठ वर्षांचं असताना, पण त्याचं एनॅमल जबड्याच्या आत कितीतरी आधी तयार होत असतं. वरच्या पुढच्या दोन दातांचं काम जन्मानंतर काही महिन्यांत सुरू होतं आणि चार-पाच वर्षांचं होईपर्यंत संपतं. त्यातही साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा काळ सगळ्यात नाजूक. मागच्या दुसऱ्या दाढेचं काम मात्र सात-आठ वर्षांपर्यंत चालतं. बोअर आली तेव्हा तुमच्या बहिणीचे पुढचे दात आतल्या आत बनून झालेले होते, दाढा व्हायच्या होत्या. तुमचं सगळंच त्या पाण्यावर झालं. यात घासण्याचा काडीचा संबंध नाही.

आता तपकिरी रंगाचं. एनॅमल आधी प्रथिनांच्या मऊ साच्यात तयार होतं. मग ती प्रथिनं हळूहळू निघून जातात आणि त्यांच्या जागी खनिज गच्च भरतं. रक्तात फ्लोराइड जास्त असलं की प्रथिनं निघायला उशीर होतो, खनिज पुरतं भरत नाही. वरचा पातळ थर टणक, पण त्याखालचं एनॅमल सच्छिद्र राहतं. असा दात उगवतो तेव्हा तपकिरी नसतो, खडूसारखा पांढरा असतो. रंग नंतर चढतो. चहा, हळद, पाण्यातलं लोह हे सगळं त्या छिद्रांतून आत मुरतं. म्हणून स्केलिंगने काही झालं नाही. स्केलिंग दातावर बसलेलं काढतं आणि तुमचा डाग दाताच्या आत आहे. तो खड्डासुद्धा दात उगवताना नव्हता. पोकळ जागेवरचा पातळ थर चावताना तुटला, म्हणून पडला.

तुरीचं_शेत

आत्ताच ताईला व्हिडिओ कॉल केला. टॉर्च लावून भावजींनी बघितलं. मागच्या दोन्ही दाढांवर पांढरे डाग आहेत!! ती म्हणते हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही.

सातपुडा

माझाही प्रश्न हाच आहे. माझे दात राखाडी-पिवळे, आडवे पट्टे, सगळ्या दातांना. पण आमच्याकडे नळाचं पाणी होतं, नदीचं. मलाही फ्लोरोसिसच ना?

दंतकथा

लहानपणी सारखं आजारी पडून अँटिबायोटिक खाल्ल्या होत्या का?

सातपुडा

आई म्हणते टायफॉइड झाला होता आणि नंतर छातीचंही काही चाललं होतं. कॅप्सूल पुष्कळ खाल्ल्या.

दंतकथा

मग टेट्रासायक्लिनची शंका जास्त. तिचा रंग डेंटिनमध्ये, म्हणजे खूप खोल असतो आणि राखाडीकडे झुकतो. आता धाग्यात जे घासण्याचं वगैरे बोलणं होईल ते तुम्हाला लागू पडणार नाही. तुम्हाला घरी ट्रे लावून ब्लीचिंग महिनोन् महिने करावं लागेल, तेव्हा कुठे फरक दिसेल. वेगळा धागा काढा, इथे दोन्हींची खिचडी होईल.

काळी_माती

माझ्या वाचनाप्रमाणे हे सगळं कॅल्शियमच्या कमतरतेने होतं. मुलांना दूध, अंडी, नाचणी दिली तर दात पांढरे राहतात. आणि पाणी उकळून द्यायचं, म्हणजे फ्लोराइड निघून जातं.

बोअरवाला

उकळून?? काळी_माती भाऊ, मीठ घातलेलं पाणी उकळलं तर मीठ उडून जातं का?

दंतकथा

बोअरवाला बरोबर आहेत. उकळताना वाफ होते पाण्याची, फ्लोराइड भांड्यातच राहतं आणि थोडं दाटच होतं.

कॅल्शियमचं म्हणणं मात्र अगदीच सोडून देण्यासारखं नाही. दुधातलं कॅल्शियम पोटात काही फ्लोराइड अडवून ठेवतं, आणि कुपोषित मुलांना त्रास जास्त होतो हे खरं. पण दूध पिणाऱ्या मुलालाही दोन-तीन पीपीएमचं पाणी रोज दिलं तर दात बिघडणारच.

हायड्रो_हेमंत

भूजलाचं काम केलंय म्हणून थोडं. आपल्याकडे फ्लोराइड १ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत, म्हणजे १ पीपीएमपर्यंत, असलेलं पाणी चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यायचं, असं मानक आहे.

बोअरवाला यांनी गोड पाण्याचं आणि डाळीचं जे लिहिलंय, त्यातच सगळी मेख आहे. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं तर फ्लोराइड त्याच्याशी बांधलं जाऊन खाली बसतं, विरघळून फार चढू शकत नाही. खोल खडकात पाणी वर्षानुवर्षं मुरलं की कॅल्शियम कमी होतं, सोडियम आणि बायकार्बोनेट वाढतं, आणि मग खडकातलं फ्लोराइड मोकळेपणाने पाण्यात उतरतं. असं पाणी चवीला हलकं लागतं, डाळ झटकन शिजते, साबण फेसाळतो. म्हणून लोक तेच निवडतात. ग्रॅनाइट खडकाच्या भागात हे जास्त. शेजारच्या तेलंगणात नलगोंडा तर यासाठीच बदनाम आहे. उथळ विहिरीत दर पावसाळ्यात नवं पाणी येतं, त्यामुळे बहुतेक वेळा तिथे फ्लोराइड कमी भरतं. बहुतेक वेळा म्हणतोय, तपासल्याशिवाय नाही.

खवय्या_खंडू

एका वाफेत शिजणाऱ्या डाळीचं वरण कसं लागतं हो? धाग्याशी संबंध नाही, भूक लागली म्हणून विचारतोय.

बोअरवाला

लोण्यासारखं. पण दात दाखवून हसता येत नाही जेवल्यावर. 😄

इतिहासप्रेमी

थोडं अवांतर. हा डाग जगाला कळला तो अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्स गावामुळे. फ्रेडरिक मॅके नावाचा दंतवैद्य १९०१ साली तिथे गेला आणि बघतो तर गावातल्या पोरांचे दात तपकिरी. स्थानिक लोक डुकराचं मांस, वाईट दूध, कशाकशाला दोष देत होते. त्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जन्मापासून तिथे राहणाऱ्यांनाच डाग, मोठेपणी येऊन राहिलेल्यांना नाही, आणि डागाळलेल्या दातांना कीड कमी लागते, हे त्याच्या लक्षात आलं. पाण्यात काहीतरी आहे एवढं कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. अखेर १९३१ साली अ‍ॅल्युमिनियम कंपनीतल्या चर्चिल नावाच्या रसायनतज्ज्ञाने पाणी तपासलं आणि फ्लोराइड पकडलं. आपल्याकडे १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातून फ्लोरोसिसची नोंद झाली.

तुरीचं_शेत

इतिहासप्रेमी, म्हणजे मला कीड नाही हे त्याचंच फळ! 😀

डॉक्टर, आता व्हिनीअरचं सांगा ना. दहा दातांचे दीड लाख लागणारच का?

मुलुंडकर_मनी

मी केलेत, सहा दातांना सिरॅमिक व्हिनीअर. दिसायला झकास. पण एकाची कड पेरू खाताना उडाली आणि ते पुन्हा करावं लागलं. मला डाग नव्हते, फट होती, म्हणून तुमच्याशी तुलना नाही.

दंतकथा

सविस्तर लिहिते. एका रुग्णाची हकीकत सांगते, ओळख पटेल असं काही न देता. चंद्रपूरकडची, वय २३, लग्न ठरलेलं. दात जवळजवळ तुमच्यासारखे. वरच्या दोन दातांवर पट्टा, शेजारी पांढरे ढग, एक खड्डा. तिलाही कुणीतरी व्हिनीअरच सांगितले होते.

आधी दात पाण्याने ओला ठेवून दाताच्या मागून बारीक प्रकाश टाकला. डाग वरवरचा असला तर प्रकाशात तो फिका पडतो, खोल असला तर काळाच राहतो. तिचा पट्टा बऱ्यापैकी विरला. म्हणून मायक्रोअ‍ॅब्रेजन करायचं ठरवलं.

हिरडीला व्हॅसलीन लावून दातांभोवती रबरी पडदा बसवला, रुग्णाला आणि आम्हाला चष्मे. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक खरखरीत पूड यांची तयार पेस्ट दातावर लावून रबरी कपाने हळू वेगात एक मिनिट घासलं. धुतलं, बघितलं, पुन्हा एक मिनिट. एका बैठकीत पाच-सहा फेऱ्या. मिलिमीटरचा दहावा भाग किंवा त्याच्या आसपास एनॅमल जातं, आणि पुढच्या दाताचं एनॅमल एक मिलिमीटरच्या आगेमागे असतं, हा हिशेब डोक्यात ठेवून थांबावं लागतं. फरक बघताना दात ओला असला पाहिजे. कोरडा दात नेहमीच पांढरा दिसतो, त्यावरून ठरवलं तर दुसऱ्या दिवशी रुग्ण तक्रार घेऊन येतो.

दुसऱ्या बैठकीनंतर तपकिरी पट्ट्याचा फिका पिवळा ठसा उरला. शेवटी दातांना न्यूट्रल फ्लोराइड जेल लावलं.

निवांत_नाना

थांबा थांबा. फ्लोराइडने बिघडवलेल्या दाताला पुन्हा फ्लोराइडच?

दंतकथा

हो नाना. दात बनत असताना पोटातून गेलेलं फ्लोराइड डाग पाडतं. तयार दातावर वरून लावलेलं फ्लोराइड डाग पाडूच शकत नाही, आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग ते घट्ट करतं.

पुढे. एक आठवडा गेल्यावर घरच्या घरी ब्लीचिंग दिलं. तिच्या दातांच्या मापाचा पातळ पारदर्शक ट्रे, त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचं जेल, रात्री लावून झोपायचं. पहिल्या आठवड्यात तिने रडवेल्या आवाजात फोन केला, पांढरे ढग आणखी पांढरे दिसताहेत म्हणून. हे होतंच. ढगांभोवतीचा दात उजळायला वेळ लागतो, तोवर ढग उठून दिसतात. दात शिवशिवले तेव्हा एक रात्र सोडून लावायला सांगितलं. महिनाभराने पिवळा ठसा गेला आणि ढगही भोवतालच्या रंगात बरेच मिसळले.

त्यानंतर दोन आठवडे काहीच केलं नाही. ब्लीचिंगनंतर दातात ऑक्सिजन उरतो आणि त्यावर कंपोझिट धरत नाही, लगेच भरलं तर निघून येतं. शेवटी खड्डा कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, भरला. फ्लोरोसिसच्या एनॅमलवर आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ लावावं लागतं, नाहीतर पकड कच्ची राहते. सगळं मिळून दोन-अडीच महिने गेले. व्हिनीअर एकही नाही.

रूटकॅनल_राजा

मीही त्याच पेशातला. मॅडम, क्रमाबद्दल माझं मत वेगळं. मी आधी ब्लीच करतो. पुष्कळांचा तपकिरी रंग ब्लीचनेच इतका उतरतो की घासायला कमी लागतं, आणि गेलेलं एनॅमल काही परत येत नाही.

दंतकथा

तुमचा मुद्दा कळतो. पण घासल्यावर एनॅमल पातळ होऊन आतला पिवळेपणा दिसतो, तो काढायला ब्लीच नंतर हाताशी असलेलं मला बरं वाटतं. शिवाय टणक वरचा थर निघाल्यावर जेल आत चांगलं जातं.

रूटकॅनल_राजा

हलका डाग असेल तर माझा क्रम, गडद पट्टा असेल तर तुमचा, एवढ्यापर्यंत मी येतो. त्यापुढे नाही. 🙂

आणि पांढरे ढग उरले तर रेझिन इन्फिल्ट्रेशनचं नाव घेतलं नाहीत तुम्ही. एनॅमलच्या छिद्रांत हवा आणि पाणी असतं म्हणून प्रकाश विखुरतो आणि ढग पांढरा दिसतो. ती छिद्रं एनॅमलच्या जवळपास प्रकाश वळवणाऱ्या पातळ रेझिनने भरली की ढग विरतो, कागदाला तेल लागल्यावर तो पारदर्शक होतो तसा. भूल नाही, ड्रिल नाही. आम्लाचं जेल दोन मिनिटं, अल्कोहोलने कोरडं करायचं, मग रेझिन. अल्कोहोल लावल्यावर ढग क्षणभर फिका पडला तर रेझिनने काम होणार असं समजायचं. नाही पडला तर पुन्हा आम्ल, पुन्हा अल्कोहोल. तपकिरी डागाला हे एकटं पुरत नाही, रंग आत कोंडला जातो. तो आधी काढावा लागतो.

सोनचाफा

मग व्हिनीअर कुणाला लागतात?

रूटकॅनल_राजा

ज्यांचं एनॅमल जागोजागी तुटलंय, खड्डेच खड्डे, दाताचा आकारच गेलाय त्यांना. तिथे घासून काही उपयोग नाही. आणि गडद तपकिरीवर पातळ व्हिनीअर लावलं तर खालचा रंग करडा होऊन डोकावतो. मग जाड लावावं लागतं, म्हणजे दात जास्त घासावा लागतो. एकदा घासलेल्या दाताला आयुष्यभर काहीतरी आवरण लागणारच. व्हिनीअर दहा-पंधरा वर्षं टिकलं असं धरा. तुम्ही २६ च्या, म्हणजे आयुष्यात दोन-तीनदा तरी बदलणं आलं. दीड लाख हा पहिला हप्ता समजा.

मधला रस्ता कंपोझिट व्हिनीअरचा. स्वस्त, एका बैठकीत होतात, मोडले तर दुरुस्त होतात. पण चहा-हळदीने रंग धरतात, अधूनमधून पॉलिश करावं लागतं, आणि पाच-सात वर्षांत बदलावे लागतात.

काळी_माती

म्हणजे कायमचा इलाज कुठलाच नाही?

दंतकथा

मायक्रोअ‍ॅब्रेजनने गेलेला डाग परत येत नाही, तो भागच गेलेला असतो. ब्लीचिंगचा उजळपणा काही वर्षांत उतरतो, ट्रे जपून ठेवला तर थोड्या रात्री लावून परत येतो.

तुरीचं_शेत, नागपूरला गेलात तर शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. यवतमाळ-चंद्रपूरचे असे रुग्ण तिथे येतात आणि दर खाजगीच्या मानाने फारच कमी. वेळ मात्र हाताशी ठेवून जा.

विदर्भाचा_वाघ

माझ्या आजोबांची पाठ वाकली, मान वळत नाही, गुडघे आखडलेत. डॉक्टर म्हणे याच पाण्याने. त्यांना हे घासायचं मायक्रो-काय-ते करता येईल का?

हायड्रो_हेमंत

वाघसाहेब, ते हाडांचं फ्लोरोसिस, वर्षानुवर्षं पाणी पोटात जाऊन हाडांत साठलेलं. दंतवैद्याचं काम नाही, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आधी त्यांचं पाणी बदला. गावात वयस्करांना असं आणि पोरांच्या दातांवर पट्टे असतील तर पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण विभागाच्या नाहीतर जिल्हा परिषदेच्या प्रयोगशाळेत द्या. प्लॅस्टिकची स्वच्छ बाटली घ्या, काचेची नको, फ्लोराइड काचेशी चाळे करतं.

सोनचाफा

आमच्याकडे टीडीएस मीटर आहे, त्यावर पाणी १८० दाखवतं. म्हणजे छान ना?

हायड्रो_हेमंत

टीडीएस मीटरला फ्लोराइड कळत नाही. विरघळलेलं सगळं मिळून तो एक आकडा दाखवतो, त्यात फ्लोराइडचा वाटा एक-दोन असला काय नि चार असला काय. फ्लोराइडची वेगळी चाचणीच करावी लागते.

तुरीचं_शेत

आणि बाळाचं? ताई काळजीत आहे आता. दुधाचे दात पांढरे आहेत म्हणून निर्धास्त होती.

दंतकथा

दुधाच्या दातांवरून काही समजू नका. त्यांचं बरंचसं एनॅमल आईच्या पोटातच बनतं, म्हणून ते बहुधा वाचतात. १४ महिन्यांच्या बाळाचे कायमचे पुढचे दात आत्ता जबड्यात बनताहेत, आणि नाजूक काळ आता सुरू होतोय. पाणी बदलायचं असेल तर हीच वेळ.

अंगावरच्या दुधात फ्लोराइड फार कमी उतरतं, आई बोअरचं पाणी पीत असली तरी. ते चालू असेल तर चालू ठेवू दे. वरच्या दुधाची पावडर बोअरच्या पाण्यात कालवत असाल तर ती आधी बदला. आणि नुसतं प्यायचंच नाही, वरण-भात, नाचणीची पेज ज्या पाण्यात शिजते तेही. शिजताना धान्य पाणी शोषतं, फ्लोराइडसकट.

बोअरवाला

आम्ही तुरटी फिरवतो पाण्यात. त्याने जातं म्हणतात.

हायड्रो_हेमंत

अर्धं खरं. तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड खाली बसवायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने काढली, १९७५ च्या सुमारास. पण ती तुरटी फिरवणं नव्हे. गाळ साफ करायला लागते त्याच्या कितीतरी पट तुरटी लागते, आणि किती हे पाण्याचा अल्कधर्मीपणा आणि फ्लोराइड मोजून ठरतं. मग ढवळायचं, बसू द्यायचं, वरचं निवळ काढायचं, गाळ लांब टाकायचा. कमी घातली तर फ्लोराइड राहतं, बेहिशेबी घातली तर पाण्यात अ‍ॅल्युमिनियम येतं. घरात रोज कोण करणार?

घरासाठी आरओने फ्लोराइड निघतं, पडदा चांगला असेल तोवर. साधा कॅन्डल फिल्टर किंवा यूव्ही असेल तर काही उपयोग नाही. मी तर आधी गावातली जुनी विहीर तपासून बघेन. १ च्या आत भरली तर गाळून, क्लोरिन टाकून बाळापुरतं पाणी तिचंच. दिवसाला एक-दोन हंडे, एवढाच प्रश्न आहे.

काळी_माती

आणि टूथपेस्ट? फ्लोराइडचीच असते सगळी. बाळाला बिनफ्लोराइडची द्यावी हे तरी बरोबर ना?

दंतकथा

मी तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची सांगते, मोठ्या माणसाने पुसून घ्यायची. एवढ्याशा पेस्टने काही होत नाही.

रूटकॅनल_राजा

पाणी दोन-तीन पीपीएम असलेल्या गावात, थुंकता येईपर्यंत, मी बिनफ्लोराइडचीच देतो. अंगात आधीच भरपूर फ्लोराइड आहे.

दंतकथा

पाणी बदललं की ते कारणच राहत नाही, राजा.

तुरीचं_शेत

ताईशी बोलले. विहीर शाळेमागे आहे, वापरात नाही, झुडपं उगवलीत. भावजी उद्या बाटली भरून पांढरकवड्याला नेतो म्हणाले. अहवाल आला की इथे आकडा टाकते. आणि मी दिवाळीला नागपूरला जाऊन दाखवणार, व्हिनीअरवाल्यांना नको म्हणून कळवलं.

हायड्रो_हेमंत

उद्या नको. आधी झुडपं काढून विहीर दोनदा उपसू दे, साचलेल्या पाण्याचा आकडा काही कामाचा नाही. बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून मग भरा, आणि बोअरचीही एक शेजारी द्या, दोन्ही आकडे एकत्र बघता येतील. उपसायला माणसं लागतील, ग्रामपंचायतीला सांगा.

बोअरवाला

ग्रामपंचायतीला सांगा आणि मोटरही आपलीच न्या.